चूक परत कोणाकडे येते?

मीरा रोडहून चर्चगेटच्या दिशेने निघालं की दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड आणि मग गोरेगाव. पाचव्या स्थानकावर उतरून पूर्वेला द्रुतगती मार्गाकडे गेलं की ओरॅकल पार्क लागतं. जगभरच्या बँकांना ‘फ्लेक्सक्यूब’ हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. याच मीरा रोडमधून दुसरी वाट काशिमीऱ्यावरून घोडबंदर रोडने ठाण्याकडे जाते आणि तिथून पुढे ऐरोलीकडे. त्या वाटेवर टीसीएस, अ‍ॅक्सेंचर, कॅपजेमिनी अशा सेवा कंपन्यांची मोठाली कार्यालयं आहेत. मीरा रोडच्या नया नगरमधल्या एखाद्या इमारतीत चार इंजिनिअर राहत असतील, तर त्यातले बहुतेक या दुसऱ्या वाटेने जाणारे असतात. चार-पाच वर्षांनी त्यातला एखादा पहिल्या वाटेचा विचार करू लागतो. म्हणजे सर्व्हिस कंपनी सोडून प्रॉडक्ट कंपनीत जाण्याचा. त्याच्याभोवती लगेच दोन प्रकारचे सल्ले गोळा होतात. एका बाजूला, तिकडे पगार दुप्पट आहे, खरं काम तिकडेच आहे. दुसऱ्या बाजूला, तिकडे कधी काढून टाकतील याचा नेम नाही, आहे ते बरं आहे. दोन्ही सल्ल्यांत थोडं तथ्य आहे, पण ज्यामुळे हा फरक पडतो ते मूळ कारण दोन्हींत येत नाही.

ते कारण कंपनीला पैसे कशाचे मिळतात, यात आहे. सेवा कंपनी माणसांचा वेळ विकते. करार कधी ‘टाइम अँड मटेरियल’चा असतो, म्हणजे इतकी माणसं, इतके तास, तासाला इतके डॉलर. कधी ‘फिक्स्ड प्राइस’चा असतो, पण त्याही किमतीचा हिशेब आतून माणूस-दिवसांवरच बांधलेला असतो. प्रॉडक्ट कंपनी एकदा लिहिलेली वस्तू अनेकांना विकते. ऐकायला हा वाणिज्य शाखेचा धडा वाटतो, पण त्यातून रोजच्या कामात एक फार मोठी गोष्ट ठरते. आज लिहिलेल्या कोडमधली चूक सहा महिन्यांनी कोणाकडे परत येईल? सेवा कंपनीत बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कोणाकडे जाते. प्रकल्प संपलेला असतो, लिहिणारा दुसऱ्या ‘अकाउंट’वर गेलेला असतो, आणि चूक ‘सपोर्ट’च्या करारात एक नवं तिकीट म्हणून उगवते. प्रॉडक्ट कंपनीत ती लिहिणाऱ्याच्याच टीमकडे येते, कधी मध्यरात्री. वेग, पगार आणि शिकणं या तिन्हींतला फरक बऱ्याच अंशी या एकाच गोष्टीतून निघतो, असं माझं म्हणणं आहे.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण गोरेगावच्या त्या इमारतीचंच आहे, कारण ती कंपनी स्वतः सेवेतून वस्तूकडे गेलेली आहे. सिटीबँकेने १९८५ मध्ये अंधेरीच्या सीप्झमध्ये ‘सिटीकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर लिमिटेड’ ही कंपनी काढली. तिचं काम सिटीबँकेच्याच जगभरच्या शाखांसाठी सॉफ्टवेअर बनवण्याचं होतं. ग्राहक एकच आणि तोही घरचा, म्हणजे व्यवहारात सेवाच. राजेश हुक्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता की हीच समज वापरून इतर बँकांना विकता येईल असं सॉफ्टवेअर बनवावं. त्यातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी कंपनी निघाली, तिचं नाव सिटील. दीपक घैसास हे या प्रवासातलं मराठी वाचकांना ओळखीचं नाव. कंपनीने आधी ‘मायक्रोबँकर’ हे लहान बँकांसाठीचं सॉफ्टवेअर विकलं आणि मग त्याच दशकात ‘फ्लेक्सक्यूब’ आणलं. २००० मध्ये कंपनी ‘आय-फ्लेक्स’ झाली, २००२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. २००५ मध्ये सिटीग्रुपने आपला सुमारे ४१ टक्के हिस्सा ओरॅकलला जवळपास ५९ कोटी डॉलरना विकला आणि २००८ मध्ये कंपनीचं नाव ‘ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर’ झालं. तेच शहर, बँकिंगचं तेच ज्ञान आणि सुरुवातीला बरीचशी तीच माणसं. बदलला तो प्रश्न. ‘या बँकेला काय हवंय?’ याऐवजी ‘जी बँक अजून ग्राहकही झालेली नाही तिला काय लागेल?’ असं विचारावं लागू लागलं.

हा प्रश्न बदलला की काय शिकावं लागतं, ते एका साध्या गोष्टीवरून पाहू. आठवड्याची सुट्टी. आखातातल्या एखाद्या बँकेसाठी सेवा कंपनीतला इंजिनिअर कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब लिहितो आहे. नियम असा, की हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर ती पुढच्या कामाच्या दिवशी ढकलायची. बँकेने दिलेल्या कागदात लिहिलंय की शुक्रवार आणि शनिवार सुट्टी. तो तसं कोडमध्येच लिहितो, चाचणी होते, बँक सही करते, बिल निघतं. कराराच्या भाषेत काम निर्दोष आहे. नया नगरमध्ये आखातात नोकरी करणारा नातेवाईक नसलेलं घर शोधावं लागेल, त्यामुळे पुढची गोष्ट इथल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. संयुक्त अरब अमिरातीत २००६ मध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर गेली. सौदी अरेबियाने तोच बदल २०१३ मध्ये केला. मग जानेवारी २०२२ पासून अमिरातींनी शनिवार-रविवार सुट्टी केली, शुक्रवारी अर्धा दिवस काम ठेवलं, आणि शारजाने मात्र आपल्या सरकारी कार्यालयांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी दिली. हा बदल जाहीर झाला डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे हातात जेमतेम काही आठवडे. ज्याच्या कोडमध्ये शुक्रवार-शनिवार कोरलेले आहेत त्याच्याकडे शुक्रवारी आलेला हप्ता रविवारी ढकलला जाईल, म्हणजे नेमका नव्या सुट्टीच्या दिवशी. वसुली सोमवारी होईल आणि मधल्या दिवसाचा विलंब आकार ग्राहकाच्या खात्यात विनाकारण पडेल.

प्रॉडक्ट लिहिणाऱ्याला हे डिसेंबर २०२१ च्या कितीतरी आधी सुचावं लागतं. सुट्टी कोडमध्ये न लिहिता ती तक्त्यात ठेवायची, तो तक्ता देशाप्रमाणे, शाखेप्रमाणे आणि चलनाप्रमाणे वेगळा ठेवता आला पाहिजे, आणि प्रत्येक नोंदीला ‘अमुक तारखेपासून लागू’ असा रकाना पाहिजे, नाहीतर जुने व्यवहार नव्या सुट्टीने तपासले जातील. बँकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये याला पॅरामीटर म्हणतात. सेवा कंपनीतल्या मुलाला पॅरामीटर माहीत नसतो असं अजिबात नाही. पण तो बनवायला चार दिवस जास्त लागतात, ते चार दिवस अंदाजपत्रकात नसतात, आणि ग्राहकाने न मागितलेल्या गोष्टीवर वेळ घालवला म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर त्याला विचारणार असतो. दहा वेळा असं झालं की माणूस तो विचार करणंच सोडून देतो. शिकण्यातला फरक म्हणतात तो हा. नवी भाषा, नवा फ्रेमवर्क, क्लाउडचं प्रमाणपत्र हे सगळं सेवा कंपनीतही मिळतं, बऱ्याचदा फुकट मिळतं. न मागितलेल्या गोष्टीचा आधीच विचार करायची सवय मात्र फक्त तिथेच लागते जिथे तो विचार न केल्याचा त्रास आपल्यालाच होतो.

सपोर्टच्या कामात हे आणखी उघडपणे दिसतं, आणि सेवा कंपन्यांमधला फार मोठा वर्ग याच कामात आहे. समजा, महिनाअखेरीला एक बॅच जॉब रात्री अडकतो. एल-टूवरच्या मुलाला तिकीट येतं. करारात लिहिलंय की अशा तिकिटाचं निराकरण चार तासांत व्हायला हवं. तो जॉब पुन्हा सुरू करतो, पन्नास मिनिटांत काम होतं, तिकीट बंद, एसएलए हिरवा. पुढच्या महिनाअखेरीला हेच. वर्षभरात बारा तिकिटं बाराही वेळा वेळेत बंद झाली, म्हणजे कागदावर कामगिरी उत्तम. जॉब अडकतो कशाने, त्याच वेळी चालणारा एखादा अहवाल तोच टेबल धरून ठेवतो का, हे पाहायला कोणी सांगितलेलं नसतं. अनेकदा पाहायची परवानगीही नसते, कारण ग्राहकाच्या प्रॉडक्शन यंत्रणेत त्याला फक्त ठरावीक बटणं दिलेली असतात. इथे सेवा कंपन्यांवर एक आरोप सर्रास केला जातो, की तिकिटं कमी झाली तर माणसं कमी लागतील, म्हणून त्यांना दुरुस्ती नकोच असते. हा आरोप पूर्ण खरा नाही. मोठ्या करारांत दरवर्षी अमुक टक्के काम कमी करून दाखवू असं लेखी वचन असतं आणि कंपनी त्यासाठी स्वयंचलनावर खर्चही करते. पण त्या बचतीचा वाटा आधी ग्राहकाला आणि मग कंपनीला मिळतो. ज्या मुलाने खरोखर मुळाशी जाऊन दुरुस्ती केली, त्याची त्या अकाउंटवरची जागाच कदाचित संपते आणि तो बेंचवर येतो. हुशारीची अशी परतफेड फार थोड्या धंद्यांत होत असेल.

आता वेग. प्रॉडक्ट कंपनीत काम जास्त असतं, असं सरधोपट सांगितलं जातं. तासांच्या हिशेबात ते दरवेळी खरं नसतं. अमेरिकेच्या ग्राहकासाठी रात्री साडेनऊच्या कॉलला बसणारा आणि सकाळी पुन्हा ऐरोली गाठणारा माणूस काही कमी राबत नाही. फरक कामाच्या लयीत असतो. सेवेत लांब वाट पाहणं आणि मग घाई असते. ग्राहकाकडून अ‍ॅक्सेस यायला तीन आठवडे, मंजुरीला दोन, मग रिलीजच्या आधीचे दहा दिवस झोप नाही. वेबवरून सदस्यत्व विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत वाट पाहणं जवळजवळ नसतंच. २०११ मध्ये मुंबईत रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी सुरू केलेल्या ब्राउझरस्टॅकचा धंदा पाहिला तर याचं कारण कळतं. जगभरचे प्रोग्रामर आपली वेबसाइट वेगवेगळ्या फोनवर आणि ब्राउझरवर तपासायला ही सेवा भाड्याने घेतात. सेवा कंपनीचा करार बहुधा तीन-पाच वर्षांचा असतो, मध्येच तोडणं ग्राहकालाही जड जातं. सदस्यत्व घेणारा प्रोग्रामर मात्र पुढच्या महिन्यात पैसे भरणं थांबवू शकतो. म्हणून अशा कंपन्यांत लिहिलेला बदल त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात ग्राहकापर्यंत जातो, आणि बिघडलं तर लगेच कळतं. त्यासाठी टीममधला प्रत्येक जण पाळीपाळीने आठवडाभर ‘ऑन-कॉल’ असतो. फोन रात्री तीनला वाजला तर उठायचं. नया नगरच्या वन-आरकेत जिथे पाच माणसं एका खोलीत झोपतात, तिथे या फोनचा अर्थ सगळ्या घराला कळतो. घर बदलायचा विचार काही जण नोकरी बदलायच्या आधी करतात, तो उगाच नव्हे.

पण सगळ्या प्रॉडक्ट कंपन्यांचा वेग असा नसतो. फ्लेक्सक्यूबसारखं सॉफ्टवेअर बँका वर्षानुवर्षं बदलत नाहीत. नवी आवृत्ती आली तरी एखादी बँक ती दोन-तीन वर्षांनी घेते, कारण अपग्रेड म्हणजे तिच्यासाठी सगळ्या शाखांचा व्यवहार पणाला लावणं. अशा कंपनीत जुन्या चार-पाच आवृत्त्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि आज सापडलेली चूक कोणकोणत्या आवृत्तीत दुरुस्त करायची यावरच अर्धी डोकेफोड होते. तिथला वेग सेवा कंपनीइतकाच संथ वाटू शकतो. तरीही शिकणं वेगळं असतं, कारण पाच वर्षांपूर्वीचा निर्णय बरोबर होता की चूक हे तिथे डोळ्यांसमोर कळतं, आणि तो घेणारा माणूस बऱ्याचदा शेजारच्या टेबलावर बसलेला असतो.

पगाराकडे वळताना आधी कंपन्यांचा ताळेबंद पाहावा. टीसीएसचं २०२३-२४ चं उत्पन्न सुमारे २ लाख ४१ हजार कोटी रुपये होतं आणि कर्मचारी सहा लाखांच्या थोडे वर. म्हणजे माणशी सुमारे ४० लाख रुपये. उत्पन्नातला निम्म्याहून जास्त भाग कर्मचाऱ्यांवर खर्च होतो आणि शेवटी निव्वळ नफा १९ टक्क्यांच्या आसपास उरतो. त्याच वर्षी ओरॅकलच्या गोरेगावच्या कंपनीने सुमारे ६,३७३ कोटींच्या उत्पन्नावर २,२१९ कोटींचा नफा मिळवला, म्हणजे जवळपास ३५ टक्के. सेवेत उत्पन्न वाढवायचं तर माणसं वाढवावी लागतात किंवा दर वाढवावा लागतो. दर ग्राहक वाढवू देत नाही, म्हणून स्वस्त माणसं भरावी लागतात. यालाच पिरॅमिड म्हणतात, खाली खूप नवशिके आणि वर थोडे अनुभवी. मधला माणूस महाग झाला की पिरॅमिडचं पोट सुटतं आणि मार्जिन घसरतं. दशकभराहून अधिक काळ नवशिक्याचा पगार वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास का थांबला, याचं उत्तर इथे आहे. त्याच काळात महागाईने त्या रकमेची खरेदीशक्ती निम्म्यावर आणली. टीसीएसमध्येच चाचणीत जास्त गुण मिळवणाऱ्या ‘डिजिटल’ गटाला सुरुवातीलाच सुमारे सात लाख आणि ‘निंजा’ गटाला ३.३६ लाख मिळत आले आहेत. एकाच कंपनीत, एकाच दिवशी रुजू होणाऱ्या दोघांत दुपटीचा फरक. तेव्हा पगार पदवीवर ठरत नाही, एवढं तरी उघड आहे.

प्रॉडक्ट कंपनीचा जास्तीचा नफा आपोआप कर्मचाऱ्याच्या खिशात येतो, असंही समजू नये. तो येतो कारण वस्तूची आतली रचना जाणणारा माणूस निघून गेला तर त्याच्या जागी दुसरा पंधरा दिवसांत उभा करता येत नाही. सेवेत सगळी व्यवस्था नेमकी उलट्या हेतूने उभारलेली असते. ज्ञान हस्तांतरणाच्या बैठका, शॅडो रिसोर्स, कागदपत्रं, हे सगळं कोणताही माणूस बदलता यावा म्हणून. ज्याला बदलता येतं त्याची किंमत बाजारभावाने ठरते. तरीही ऑफर लेटरवरचा आकडा हा पगार नव्हे, हे इथे थोडं बारकाईने पाहायला हवं. समजा, सेवा कंपनीत साडेचार वर्षं काढलेल्या आणि वर्षाला सात लाख मिळवणाऱ्या मुलीला एका स्टार्टअपने अठरा लाखांचा देकार दिला. तो उलगडला की १२ लाख स्थिर, १ लाख २० हजार कामगिरीवर अवलंबून, १ लाख रुजू होताना एकदाच आणि वर्षभरात सोडल्यास परत करायचे, आणि ३ लाख ८० हजार म्हणजे शेअर ऑप्शनची चार वर्षांत भागलेली अंदाजी किंमत. तुलना करायची ती सातशी बाराची. तीही वाढ चांगलीच आहे, पण अडीचपट नाही. शिवाय पाच वर्षं पूर्ण होण्याआधी सोडलं तर ग्रॅच्युइटी जाते. मूळ वेतन महिना २५ हजार धरलं तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ७२ हजार होते. सहा महिने थांबायचं की नाही, हा हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा.

शेअर ऑप्शनचा भाग घरात सर्वांत कमी समजलेला असतो. साधारण पद्धत अशी की चार वर्षांत ते हळूहळू हक्काचे होतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही. समजा ४०० ऑप्शन हक्काचे झाले, खरेदी किंमत १० रुपये आणि कंपनीचं मूल्यांकन शेअरला १,००० रुपये. ते घेतले त्या दिवशी ९९० गुणिले ४००, म्हणजे ३ लाख ९६ हजार रुपयांचं उत्पन्न पगारात धरलं जातं. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सुमारे १ लाख १९ हजार कर, वर उपकर. शेअर मात्र बाजारात नोंदलेलेच नाहीत, विकायचे कोणाला? काही पात्र स्टार्टअपना हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पाने दिली, पण ती सगळ्यांना लागू नाही. नोकरी सोडली की ऑप्शन वापरायला अनेक कंपन्या फक्त नव्वद दिवस देतात. हे वाचून ऑप्शन म्हणजे धूळफेक असं कोणी ठरवू नये. ऑप्शन कागदावर किती दाखवले यापेक्षा ते पूर्वी कधी रोखीत बदलले गेले का, कंपनीने शेअर परत विकत घेतले का, हे विचारावं. आणि शेअरने श्रीमंत करण्याचा पहिला मोठा भारतीय धडा इन्फोसिसने दिला, जी सेवा कंपनी आहे, हेही विसरू नये.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. सेवा कंपन्या नसत्या तर या वस्तीतली कितीतरी मुलं या धंद्यात आलीच नसती. मीरा रोडचं एल. आर. तिवारी, वांद्र्याचं रिझवी, भायखळ्याचं साबू सिद्दिक, पनवेलचं काळसेकर, बोईसरचं थीम, अशा कॉलेजांच्या आवारात शेकड्याने मुलं घेणारे म्हणजे सेवा कंपन्या. टीसीएसच्या राष्ट्रीय पात्रता चाचणीने तर कोणत्याही कॉलेजच्या मुलाला ऑनलाइन परीक्षा देऊन दार ठोठावू दिलं. प्रॉडक्ट कंपन्या आयआयटीच्या पायऱ्यांवर बसून असताना हे दार उघडं होतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सेवा कंपनीत मुलगा तीन महिने पगार घेऊन शिकतो, परक्या ग्राहकाशी बोलायला शिकतो, वीस वर्षं जुनं कोड न घाबरता वाचायला शिकतो. जुनं कोड वाचणं ही कला प्रॉडक्ट कंपनीत सोन्याच्या भावाची आहे, आणि स्वतःचंच नवं कोड लिहीत वाढलेल्यांना ती क्वचित येते. पण हा आक्षेप प्रवेशाबद्दल आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकण्याची चढण खरी असते. त्यानंतर त्याच कामाचं चौथं, पाचवं, सहावं वर्ष पहिल्याचीच आवृत्ती ठरू लागतं, आणि बढती मिळते ती सहा जणांचं वेळापत्रक भरण्याची.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. घरकर्ज देताना बँका नोकरी देणाऱ्या कंपन्यांची प्रतवारी करतात. मोठ्या सेवा कंपनीचा कर्मचारी वरच्या वर्गात बसतो, चाळीस माणसांच्या स्टार्टअपमधल्याला जास्त पगार असूनही जास्त प्रश्न विचारले जातात. लग्नाच्या बैठकीतही साधारण हीच प्रतवारी चालते, फक्त तिथे ती कागदावर नसते. म्हणून घर घ्यायचंच असेल तर कर्ज मंजूर करून मग नोकरी बदलणं व्यवहाराचं ठरतं. मात्र सुरक्षिततेचा जो भरवसा या वर्गवारीमागे आहे तो आता पूर्वीसारखा उरलेला नाही. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम आणला की प्रत्येकाने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असं काम केलं पाहिजे, बेंचवर पस्तीस दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर झालं, आणि त्यात मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतली होती. स्टार्टअपमध्येही २०२२ नंतर हजारोंनी नोकऱ्या गेल्या. दोन्हीकडे धोका आहेच, पण काढून टाकल्यावर पुढची मुलाखत देताना हातात काय असतं, यात फरक पडतो. ‘एका आघाडीच्या अमेरिकन बँकेच्या प्रकल्पावर काम’ एवढंच ज्याच्या बायोडेटात आहे, त्याला गोपनीयतेच्या करारामुळे त्याहून जास्त लिहिताही येत नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच उभा करतो, कारण तो माझ्या मांडणीला सर्वांत जवळून भिडतो. ही कंपन्यांची विभागणी मुळात धूसर आहे. आय-फ्लेक्सचा स्वतःचा ‘प्राइमसोर्सिंग’ नावाचा सेवा विभाग होता. इन्फोसिस या सेवा कंपनीत ‘फिनॅकल’ हे बँकिंगचं प्रॉडक्ट वाढलं, टीसीएसमध्ये ‘बँक्स’ आहे. प्रॉडक्ट कंपनीतला इंप्लिमेंटेशन सल्लागार महिनोन् महिने ग्राहकाच्या बँकेत बसून त्याच्या मागण्या पुऱ्या करतो, त्याचं काम आणि सेवा कंपनीतलं काम यात तसूभर फरक नसतो. म्हणून फलकावरचं नाव पाहून नोकरी बदलणाऱ्यांना वर्षभरात फसल्यासारखं वाटतं. पण मूळ प्रश्न विचारला की ही धूसरता बरीच निवळते. मुलाखतीत आपल्याला प्रश्न विचारायची संधी देतात तेव्हा विचारावं, गेल्या महिन्यात प्रॉडक्शनमध्ये काय बिघडलं होतं आणि ते कोणी दुरुस्त केलं? ही टीम लिहिलेलं कोड स्वतः ग्राहकापर्यंत नेते की दुसऱ्या टीमला देते? काय बनवायचं हे कोण ठरवतं, आणि गेल्या तीन महिन्यांत इंजिनिअरने सुचवलेली एखादी गोष्ट बनली का? उत्तरं अडखळली तर ती टीम नावाने प्रॉडक्टची आणि वृत्तीने सेवेची आहे. उलट सेवा कंपनीतही असे थोडे अकाउंट असतात जिथे ग्राहकाने पूर्ण जबाबदारी सोपवलेली असते. तिथला माणूस जागचा न हलताही हे सगळं शिकतो.

जायचं ठरलंच तर अडचण तंत्रज्ञानापेक्षा कॅलेंडरची जास्त असते. सेवा कंपन्यांचा नोटीस काळ बहुधा नव्वद दिवसांचा, आणि नव्या कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा. म्हणून काही जण हातात ऑफर नसताना राजीनामा देतात आणि नोकरीच्या संकेतस्थळावर ‘नोटीस सुरू’ असं लिहितात. घरात एकच कमावता असेल तर हा जुगार परवडत नाही. त्यापेक्षा उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका मिळते का आणि ते मूळ वेतनावर मोजतात की पूर्ण पगारावर, हे नियुक्तीपत्रात आधीच पाहून ठेवावं. रिलीव्हिंग लेटर न घेता निघू नये, पार्श्वभूमी तपासणीत तेच अडतं. मुलाखतीच्या तयारीला बहुतेक जण कोडिंगची शेकडो कोडी सोडवतात. ती लागतात, सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यांवरच चाळणी होते. पण चार वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला पुढच्या फेरीत विचारतात की तुम्ही कोणता कठीण प्रश्न मुळापासून सोडवलात. इथे तो महिनाअखेरीचा अडकणारा जॉब कामाला येतो. नोकरीत असतानाच, कोणी सांगितलं नसताना, ज्याने त्याच्या नोंदी तपासल्या, कोणता अहवाल टेबल धरून ठेवतो ते शोधलं, ग्राहकाच्या डीबीएला दोन ओळींचा मेल पाठवून त्या अहवालाची वेळ बदलायला लावली आणि पुढचे तीन महिने तिकीट आलं नाही हे टिपून ठेवलं, त्याच्याकडे ग्राहकाचं नाव न घेता सांगण्यासारखी पंधरा मिनिटं आहेत. बारा-चौदा वर्षं घालवून फक्त मॅनेजर झालेल्याकडे ती नसतात, आणि त्याच्यासाठी या वाटेवर जागाही कमी आहेत, कारण प्रॉडक्ट कंपन्यांना वेळापत्रक भरणारी माणसं मोजकीच लागतात. अशांपैकी बरेच जण मग मधला मार्ग धरतात. परदेशी बँकांनी आणि कंपन्यांनी मुंबई-पुण्यात स्वतःची केंद्रं काढली आहेत, तिथे ग्राहकाच्याच पटावर जातात. तिथे पगार सेवेपेक्षा बरा, वेग मधला, आणि कोडमधली चूक निदान त्याच इमारतीत परत येते.